कडा स्वच्छ आल्या, मग रेडिएशन कशाला?

गोव्यातल्या डिचोलीत देवळाच्या वाटेवर फुलं विकणारी सत्तेचाळीस वर्षांची एक बाई गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली. अबोलीचे वळेसर ओवताना डावा हात वर गेला की स्तनाच्या बाहेरच्या, वरच्या भागात काहीतरी टोचतंय असं तिला वाटत होतं. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली, सुईने गाठीचा तुकडा काढून तपासला आणि कर्करोग असल्याचं नक्की झालं. गाठ २.२ सेंटिमीटरची होती, एकच होती, आणि काखेत हाताला काही लागत नव्हतं. मी तिला सांगितलं की स्तन ठेवून फक्त गाठ काढता येईल. ती लगेच म्हणाली, "नको डॉक्टर, सगळंच काढून टाका. अर्धवट काम ठेवून मागाहून रडत बसायचं नाही मला."

सोबत आलेल्या वहिनीनेही मान डोलावली. मी शस्त्रक्रिया करते, त्यामुळे हे वाक्य दर आठवड्याला ऐकते. ते बोलणाऱ्या बाईचं काही चुकलेलं नसतं. जास्त कापलं की रोग जास्त मुळातून जातो, हे कुणालाही पटेल असंच आहे. डॉक्टरांनाही ते ऐंशी-नव्वद वर्षं पटत होतं. अमेरिकेतल्या हालस्टेड नावाच्या सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुजवलेल्या शस्त्रक्रियेत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असं सगळं एकत्र काढत. बाया वाचल्या तरी छाती बरगड्यांपर्यंत खोलगट होई आणि हात सुजत असे.

हे खरंच गरजेचं आहे का, हे १९७० च्या दशकात दोन ठिकाणी नीट तपासलं गेलं. इटलीत मिलानला व्हेरोनेसी यांनी ७०१ बायकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाची हालस्टेडची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटात स्तनाचा गाठ असलेला चतकोर भाग काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन दिलं. अमेरिकेत फिशर यांनी १९७६ पासून तीन गट केले: पूर्ण स्तन काढलेला, फक्त गाठ काढलेला, आणि गाठ काढून रेडिएशन दिलेला. वीस वर्षांनंतरचे हिशेब दोघांनीही २००२ साली मांडले. मिलानच्या दोन गटांत आणि अमेरिकेतल्या तीन गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक निघाला नाही.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. स्तनातला कर्करोग स्तनात राहून जीव घेत नाही. तो हाडं, फुप्फुसं, यकृत अशा ठिकाणी पोचला तर जिवावर बेततो. त्या पेशी निसटायच्या असतील तर गाठ हाताला लागेपर्यंत बहुतेकदा निसटलेल्या असतात. मग स्तन पूर्ण काढला तरी निसटलेल्या पेशी बाहेर तशाच राहतात. त्यांच्यासाठी केमो, हार्मोनच्या गोळ्या आणि इतर औषधं आहेत. केमो लागणार की नाही हे गाठीचा स्वभाव आणि काखेतल्या ग्रंथी ठरवतात, शस्त्रक्रिया कोणती केली ते नाही. 'सगळं काढलं की केमो टळेल' या आशेवर मॅस्टेक्टॉमी, म्हणजे पूर्ण स्तन काढण्याची शस्त्रक्रिया, मागणाऱ्या बाया मला भेटतात. त्यांना हे आधीच सांगावं लागतं.

फुलवालीला हे पटायला दोन भेटी लागल्या. तिसऱ्या भेटीला ती एकटी आली आणि म्हणाली, "ठेवा मग."

कड म्हणजे काय

स्तन ठेवून फक्त गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेला लंपेक्टॉमी म्हणतात. तिच्यात सर्जन गाठ एकटी उपटून काढत नाही. गाठीच्या भोवतीची निरोगी दिसणारी थोडी चरबी आणि ग्रंथींचा भागही काढतो, जणू आंब्याची कोय थोड्या गरासकट काढावी तसा. बाहेर आलेल्या तुकड्याला आम्ही लगेच दोरे बांधतो. बऱ्याच ठिकाणी आखूड दोरा वरच्या बाजूला आणि लांब दोरा बाहेरच्या बाजूला असतो. त्यामुळे तुकडा टेबलावर कसाही ठेवला तरी तो शरीरात कसा होता हे पॅथॉलॉजिस्टला कळतं. पॅथॉलॉजिस्ट तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला शाई लावतो, मग काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. कर्करोगाच्या पेशी शाईपर्यंत पोचलेल्या दिसल्या तर आम्ही त्यांच्यामधून कापलं आहे आणि काही आत राहिल्या असण्याची दाट शक्यता आहे, असा त्याचा अर्थ. शाईला पेशी टेकलेल्या नसतील तर कड स्वच्छ. आजूबाजूला पसरू शकणाऱ्या कर्करोगात शाईवर गाठ नसणं एवढं पुरतं. दूधनलिकांच्या आतच थांबलेल्या प्राथमिक रोगात मात्र दोन मिलिमीटरचं अंतर असावं असं धरतात.

फुलवालीच्या अहवालात सगळ्यात जवळची कड खालच्या बाजूची होती, तीन मिलिमीटरवर. शस्त्रक्रियेच्या वेळी निळा रंग टोचून काखेतल्या पहिल्या दोन पहारेकरी ग्रंथी काढल्या होत्या, त्या दोन्ही स्वच्छ निघाल्या. गाठीचा स्वभाव बघता केमोची गरज नव्हती. हार्मोनला दाद देणारी गाठ होती म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी लागणार होती. अहवाल ऐकून ती खूश झाली. मग मी रेडिएशनचं सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कडा स्वच्छ आल्या म्हणालात. मग आता काय जाळायचं राहिलंय?"

माझ्या मते या सगळ्या विषयातला हाच सगळ्यात नेमका प्रश्न आहे. अनेक बाया तो मनात ठेवतात आणि रेडिएशनच्या पहिल्या तारखेला येतच नाहीत.

शाईला काय दिसत नाही

शाई फक्त काढलेल्या तुकड्याची कड दाखवते. तुकड्यापलीकडे, शरीरातच राहिलेल्या स्तनात काय आहे हे तिला कळणं शक्यच नाही. शिवाय कडेचा प्रत्येक ठिपका कुणी तपासत नाही. कागदापेक्षा पातळ काप निवडक जागांवरून घेतले जातात.

उरलेल्या स्तनात काय असतं हे १९८५ साली नेदरलँड्समधल्या हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं. एकच गाठ आहे असं समजून पूर्ण काढलेले स्तन त्यांनी पातळ पातळ कापून तपासले. सुमारे ४३ टक्के स्तनांमध्ये मुख्य गाठीपासून दोन सेंटिमीटरहून दूर रोगाची बारीक बेटं सापडली. ती हाताला लागलेली नव्हती आणि मॅमोग्राफीत दिसलेली नव्हती. तीनेक मिलिमीटरची स्वच्छ कड आणि दोन सेंटिमीटरपलीकडचं बेट, दोन्ही एकाच स्तनात सुखाने नांदू शकतात.

शेतात लव्हाळा झाला की आपण तो उपटतो. मोठा झुबका मुळासकट हातात येतो, खाली माती स्वच्छ दिसते, आणि पंधरा दिवसांनी वीतभर अंतरावर नवा कोंब वर येतो. मातीत त्याच्या बारीक गाठी राहिलेल्या असतात. फुलवालीच्या घरचं भाताचं शेत आहे, तिला हे एका वाक्यात कळलं.

फिशर यांच्या अभ्यासात हाच कोंब मोजला गेला. कडा स्वच्छ आलेल्याच बायका घेतल्या, तरी रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये वीस वर्षांत शंभरातल्या सुमारे ३९ जणींना त्याच स्तनात रोग पुन्हा आला. रेडिएशन घेतलेल्यांमध्ये तो आकडा १४ होता. आजची औषधं आणि तपासण्या बऱ्याच सुधारल्या आहेत, त्यामुळे दोन्ही आकडे आता कमी असतात. पण दोघांमधलं अंतर टिकून आहे.

इथे कुणी विचारेल की मग त्या तीन गटांत जगण्याचं प्रमाण सारखं कसं. एका अभ्यासात लहान फरक दिसत नाही, म्हणून जगभरचे १७ अभ्यास एकत्र करून १०,८०१ बायकांचा हिशेब २०११ साली मांडला गेला. पंधरा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्यांचं प्रमाण रेडिएशनशिवाय शंभरात साधारण २५ होतं, रेडिएशनसह २१. म्हणजे परत येणारा रोग फक्त स्तनापुरता त्रास देत नाही. त्यातला थोडा पुढे पसरतोही. मोटामोटी चार जणींचा रोग परत येणं टळलं की एक जीव वाचतो.

यातून पुढे येणारी गोष्ट मी फुलवालीला कागदावर लिहून दिली होती: लंपेक्टॉमी आणि रेडिएशन मिळून एक उपचार होतो. मॅस्टेक्टॉमीची बरोबरी या जोडीने केली आहे, एकट्या लंपेक्टॉमीने नाही.

सुरीने एक, किरणांनी दुसरं

मग सुरीऐवजी सगळंच रेडिएशनने का करत नाही? किरणं पेशीच्या आतल्या जनुकांचा धागा तोडतात. निरोगी पेशी तो बऱ्यापैकी सांधते, कर्करोगाची पेशी वाईट सांधते, आणि पुन्हा विभागायला गेली की मरते. मोजक्या विखुरलेल्या पेशी माफक मात्रेत संपतात. पण दोन सेंटिमीटरच्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात, त्यातल्या मधल्या भागाला रक्त आणि प्राणवायू कमी मिळतो, आणि अशा पेशी किरणांना दाद देत नाहीत. ती गाठ फक्त किरणांनी संपवायची तर एवढी मात्रा द्यावी लागेल की स्तन कडक, आकसलेला होऊन बसेल. म्हणून मोठा ढेकूळ सर्जनने काढायचा आणि विखुरलेला चुरा किरणांनी संपवायचा.

मात्रा तुकड्यातुकड्यांनी देण्याचं कारणही हेच, की निरोगी पेशींना रात्रभर दुरुस्तीला वेळ मिळतो. पूर्वी पाच आठवडे, २५ बैठका लागत. आता बहुतेकींना ४० ग्रे ही मात्रा १५ बैठकांत, तीन आठवड्यांत देतात. इंग्लंडच्या अभ्यासांनी ती जुन्या पद्धतीइतकीच चांगली ठरवली आहे. काहीजणींना पाच बैठकांतही उपचार पुरतो. पन्नाशीच्या आतल्या बाईला गाठीच्या जागेवर थोडी जास्तीची मात्रा देतात, कारण तिथे रोग परतण्याची शक्यता अधिक असते. फुलवालीला १५ अधिक ५ अशा वीस बैठका ठरल्या, सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे.

तिच्या मनात भाजणं होतं. आपल्याकडे काहीजण याला शेक म्हणतात, त्यामुळे चित्र तसंच उभं राहतं. प्रत्यक्षात टेबलावर हात डोक्यावर घेऊन स्तब्ध पडून राहायचं असतं. नेमकी जागा जुळवायला बराच वेळ जातो, किरणं काही मिनिटंच चालतात, आणि काहीच जाणवत नाही. डावा स्तन असल्यामुळे तिला खोल श्वास घेऊन धरायला शिकवलं. छाती फुगली की हृदय मागे आणि खाली सरकतं, किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. अंगात किरणं उरत नाहीत, त्यामुळे घरी जाऊन नातवंडाला मांडीवर घेतलं तरी चालतं. डोक्यावरचे केस जात नाहीत. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कातडी लाल होते, काळवंडते, स्तनाखालच्या घडीत सोलवटते, आणि उपचार संपल्यावर आठ-दहा दिवस तो त्रास वाढून मग ओसरतो. थकवा येतो. पुढे स्तन थोडा घट्ट आणि लहान झाल्यासारखा लागतो, तो मात्र बऱ्याचदा तसाच राहतो.

एक अडचण बाया आधी सांगत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर दुखतं म्हणून हात अंगाला धरून ठेवतात आणि खांदा आखडतो. मग हात डोक्यावर जात नाही आणि रेडिएशनची जागा लावताच येत नाही. तारीख पुढे जाते. म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करायला लावतो. केमो नसेल तर साधारण सहा-आठ आठवड्यांत रेडिएशन सुरू झालेलं बरं, केमो असेल तर ती संपल्यावर.

पूर्ण काढणं केव्हा योग्य

याचा अर्थ मॅस्टेक्टॉमी जुनाट झाली असं नाही. काही बायकांसाठी तीच बरोबर आहे, आणि त्यांना 'ठेवता आलं असतं' असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

एक गट असा की रोगाने स्तनात इतकी जागा घेतली आहे की स्वच्छ कड मिळणंच शक्य नाही. स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत गाठी असणं, मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक ठिपके दूरवर पसरलेले असणं, किंवा कड दोनदा कापूनही पेशी शाईवर दिसत राहणं हे त्यातलं. पेडण्याच्या एका चव्वेचाळीस वर्षांच्या बाईची गाठ सव्वा सेंटिमीटरचीच होती, पण चुन्याचे ठिपके जवळजवळ अर्ध्या स्तनात होते आणि दूरच्या ठिपक्यांच्या तपासणीतही रोगच निघाला. तिला मी स्तन ठेवण्याचं सुचवलंच नाही. गाठीच्या आकारावरून शस्त्रक्रिया ठरत नाही, हे तिच्याकडे बघून कळतं. स्तनाची कातडी अचानक लाल, सुजलेली, संत्र्याच्या सालीसारखी झालेला रोग असेल तर आधी केमो आणि मग मॅस्टेक्टॉमी हाच रस्ता असतो.

दुसरा गट असा की गाठ काढता येईल, पण नंतरचं रेडिएशन देता येणार नाही. छातीला पूर्वी रेडिएशन झालेलं असेल, कातडी कडक करणारा स्क्लेरोडर्मासारखा आजार असेल, किंवा बाई गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत असेल आणि बाळंतपणापर्यंत थांबणं परवडणार नसेल, तर जोडीचा अर्धा भाग गळून पडतो. मग पूर्ण काढणं शहाणपणाचं. बीआरसीए जनुकात दोष असणाऱ्या बाईलाही स्तन ठेवता येतो, पण पुढे नवा कर्करोग होण्याचा धोका मोठा असल्यामुळे त्यातल्या अनेकजणी काढणंच निवडतात.

या गटात मला मनापासून खटकणारी आणखी एक गोष्ट येते. सत्तरी तालुक्यातल्या आडगावात राहणारी बाई, जिच्या गावातून दिवसाला दोन बस, आणि पावसाळ्यात त्याही वेळेवर नाहीत. तिने तीन आठवडे रोज जायचं कसं? तिला नातेवाइकांकडे राहायची सोय, कमी बैठकांचा उपचार असं काही जमवता येतं का हे विचारायच्या आधीच 'काढून टाका' हा सल्ला मिळतो. सगळी चौकशी करून तिनेच मॅस्टेक्टॉमी निवडली तर तो तिचा हक्क आहे. न विचारता तिच्यासाठी ठरवलं जातं तेव्हा चूक होते.

मॅस्टेक्टॉमीने रेडिएशन हमखास टळतं असंही नाही. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेतल्या चार किंवा जास्त ग्रंथींत रोग असेल तर छातीच्या भिंतीला रेडिएशन सहसा द्यावं लागतं, आणि एक ते तीन ग्रंथींत असेल तरी त्याचा विचार होतो. उलट स्तनाच्या मानाने मोठी असलेली गाठ आधी केमोने लहान करून स्तन वाचवता येतो. त्यासाठी केमोच्या आधी गाठीत धातूची बारीक खूण बसवून घ्यायची असते, कारण गाठ विरघळून गेली तर नेमकं कुठे कापायचं हे कळत नाही.

वयाने मोठ्या काही बायकांना मात्र लंपेक्टॉमीनंतर रेडिएशन वगळता येतं. पासष्टीच्या पुढच्या, लहान गाठीच्या, स्वच्छ ग्रंथींच्या, हार्मोनला दाद देणाऱ्या रोगाच्या बायकांवर झालेल्या अभ्यासात दहा वर्षांत स्तनात रोग परत येण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय शंभरात साडेनऊ आणि रेडिएशनसह एकाहून थोडं कमी निघालं, जगण्यात फरक पडला नाही. पण त्या बायकांना पाच वर्षं हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. सांधे दुखतात म्हणून सहा महिन्यांत गोळी सोडली तर हा हिशेब लागू होत नाही.

जिथे गाडं अडतं

सगळ्यात वाईट घोळ तपासणीशिवाय गाठ काढल्याने होतो. 'चरबीची गाठ असेल' म्हणून कुठेतरी भूल देऊन गाठ काढतात, कधी दोन-तीन तुकड्यांत, दोरा नाही, शाई नाही. नंतर अहवालात कर्करोग येतो. आता कोणती कड कुठली हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून आधीच्या जखमेभोवतीचा बराच मोठा भाग काढावा लागतो. ज्या बाईचा स्तन सहज वाचला असता, तिचा या कारणाने गेलेला मी पाहिला आहे. म्हणून गाठ काढायच्या आधी सुईने तुकडा तपासला का हे विचारावं, आणि काढलेलं काहीही, कितीही लहान असलं तरी, पॅथॉलॉजीकडे गेलं पाहिजे. अहवाल हातात आला की त्यात प्रत्येक कडेचं अंतर वेगळं लिहिलं आहे का ते बघावं. 'कडा मुक्त' एवढेच दोन शब्द असतील तर डॉक्टरांना पुढे विचारावं.

दुसरा घोळ बैठका मध्येच तोडण्याचा. फुलवालीच्या बैठका पावसात सुरू झाल्या. दहाव्या बैठकीनंतर कातडी लाल झाली आणि घरच्यांनी चार दिवस विश्रांती घे म्हटलं. तिने मला फोन केला. खंड पडला की उरलेल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो, आणि चुकलेली बैठक भरून काढावी लागते, म्हणून कातडीला मलम लावून तिने जाणं चालू ठेवलं. भावजय तिच्या जागी दुकानात बसली. वीस बैठका जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात संपल्या, आणि चवथीला माटोळी बांधायला तिचा डावा हात पूर्ण वर जात होता.

आता दर वर्षी दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी. त्याच स्तनात रोग परत आला, तर तिथे पूर्ण मात्रेचं रेडिएशन सहसा दुसऱ्यांदा देता येत नाही, आणि तेव्हा मॅस्टेक्टॉमी करायची असते. ती वेळेवर केली तर अनेकजणी त्यातूनही बऱ्या होतात. रेडिएशननंतरची पहिली मॅमोग्राफी सहा महिने ते वर्षभरात होते, कारण त्याआधी सूज असते आणि चित्र नीट वाचता येत नाही. तिची तारीख शिगम्याच्या आधीची घेतली आहे. शिगम्यात दुकान बंद ठेवणं तिला जमणार नाही.